मनीषासाठी चार शब्द

मंडळी, पानं वाढायला घेण्याआधी पाच मिनिटं मला द्या. सगळ्यांच्या हातात द्राक्षाच्या रसाचा ग्लास आलाय ना? अजून कुणी पिऊ नका, शेवटी एकत्र उचलायचाय.

काका, काकू, तुम्ही निफाडहून एवढ्या लांब आलात, फार बरं वाटलं. देशपांडे सर, मॅडम, आणि सेकंड शिफ्ट दुसऱ्यांवर सोपवून अंबडहून थेट इथे गंगापूर रोडला पोचलेली आमची सगळी पोरं, तुमचेही आभार. आपली मनीषा येत्या गुरुवारी स्टुटगार्टला चालली आहे. तिच्याबद्दल बोलायचं तर कुठून सुरुवात करू हेच दोन दिवस कळत नव्हतं.

ती रुजू झाली २०१६च्या ऑगस्टमध्ये. गोदेला मोठा पूर आला तोच आठवडा. दुतोंड्या मारुती किती बुडाला याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. पंचवटीत नुकतीच खोली घेतलेली ही मुलगी पहिल्याच दिवशी वेळेवर हजर होती, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सर्टिफिकेटं कोरडी. मी तेव्हा मशीन शॉपला होतो, ती क्वालिटीला. या दोन खात्यांचं आपसात कसं असतं ते इथल्या निम्म्या लोकांना माहीतच आहे.

मला आज सांगायचीय ती गोष्ट २०१८च्या मे महिन्यातली. काकूंसाठी थोडं समजावून सांगतो. आम्ही ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग बनवत होतो. त्यात १०० मिलिमीटरचं गोल भोक, म्हणजे बोअर. तो १००च्या खाली अजिबात जायला नको, आणि वर गेला तर जास्तीत जास्त ३५ मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्या निम्मं म्हणा. साठ नग तयार होते, गाडी गेटवर लागलेली होती, ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला होता. मी स्वतः मशीनजवळ उभा राहून प्रत्येक नग मोजला होता. सगळे २० मायक्रॉन वर, एकदम मधोमध. आणि मनीषा सही करेना.

ती म्हणाली, "निलेश, हात लावून बघ, नग गरम आहेत." मी म्हणालो, मे महिना आहे, सगळंच गरम आहे. ती म्हणाली, "चार तास माझ्या खोलीत राहू दे." तिची खोली म्हणजे सीएमएमची खोली, जिथे एसी बारा महिने चोवीस तास २० अंशांवर असतो, कारण जगात कुठेही माप घेतलं तरी ते २० अंशांचं माप म्हणूनच धरलं जातं. मी आवाज चढवला. सगळ्यांसमोर तिला नको ते बोललो. ती उलट एक शब्द बोलली नाही. ट्रॉली ओढत आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

रात्री साडेअकराला तिने मला आत बोलावलं. गेज माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, "तूच मोज." पहिला नग, उणे १५. दुसरा, उणे १४. तिसरा, पुन्हा उणे १५. शॉपमध्ये ३५ अंशांना मोजलेलं ॲल्युमिनियम २० अंशांवर आलं की १०० मिलिमीटरला ३५ मायक्रॉनने आवळतं. पुस्तकात मीही हे शिकलो होतो. साठच्या साठ नग गेले असते, तिकडे बेअरिंग बसलं नसतं, आणि सगळा लॉट परत आला असता. बोअर लहान होता म्हणून पुन्हा मशीनवर चढवून वाचवता आला. पहाटे चारपर्यंत आम्ही तेच केलं, आणि ती घरी गेली नाही, प्रत्येक नग थंड करून तपासत बसली. सकाळी मी माफी मागितली. ती म्हणाली, "चहा पाज."

त्या दिवसापासून मी तिला मैत्रीण म्हणतो. सर, त्या रात्री तिने सही केली असती तर तिला कुणी दोष दिला नसता, कारण आकडे माझे होते. हे मी आज सगळ्यांसमोर सांगतोय, कारण ते सांगायला हवं होतं आणि इतकी वर्षं राहून गेलं.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस रूपालीबरोबर रात्रीच्या पाळीला हीच होती. औषधांचा तक्ता तिने कागदावर काढून दिला, वेळ, गोळी, कुणी दिली, सही. इन्स्पेक्शन रिपोर्टसारखाच. आईने तो कागद अजून देवघरात ठेवलाय.

आणि तिची जर्मन! वर्षभर कंपनीच्या बसमध्ये हिने शब्द पाठ केले. तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मागच्या सीटवरची मुलं वैतागून म्हणायची, ताई, हे कसं लक्षात ठेवता? तेव्हा ती म्हणायची, "अरे, आपल्यालाही तीनच आहेत. तो चमचा, ती वाटी, ते ताट. आपण कधी पाठ केलं होतं का?" बी वन परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली.

काका, तुमच्याबद्दलही एक बोलतो. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीला ही दोन दिवस रजा टाकायची. परत यायची तेव्हा बोटांना पेस्टिंगचा रंग असायचा. यंदा पहिल्यांदाच ती छाटणीला नसेल, आणि तुम्ही तो विषय मघापासून टाळताय हे मला दिसलं. पण मनीषाने मला सांगितलंय की स्टुटगार्टमध्ये शहराच्या मधोमध टेकड्यांवर द्राक्षाचे मळे आहेत. तिकडे हिवाळ्यात वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच, थंडीत. आपल्यासारखी एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी अशी दोनदा नाही. ती बघून तुम्हाला फोनवर सांगेल की तिथले लोक किती डोळे राखतात. तुम्ही मात्र फोनजवळ बसा. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे संध्याकाळचे सहा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेदहा.

मनीषा, रविवारी सकाळी तिथे तर्री नसेल, सोबतचा पापड नसेल. चिवड्याचे दोन पुडे रूपालीने बांधलेत, बॅगेत वरच ठेव. एकटं वाटलं तर फोन कर, रात्री दोन वाजता केलास तरी चालेल. आणि तिथे कुणी घाईत सही मागितली, तर इथे जे केलंस तेच कर.

तुझ्या रॅकवर मार्करने लिहिलेलं "चार तास थांबा" आम्ही पुसलेलं नाही. परवा नवीन आलेला पोरगा गरम नग घेऊन धावत आला, ते वाचलं, आणि ट्रॉली लावून निमूट उभा राहिला. तिकडच्या मोजमापाच्या खोलीत तू पहिल्यांदा पाऊल ठेवशील तेव्हा भोवती सगळं नवं असेल, पण भिंतीवर आकडा २०चाच असेल.

चला, उभे राहा सगळे. काकू, तुम्हीही. ग्लास वर घ्या. आमच्या मनीषासाठी!