पाळकांचे पत्र, मार्च २०२६ : सरव्याचे दिवस

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

माळावरची ज्वारी उपटायला आली आहे. भारी काळ्या रानातली मालदांडी चांगली भरली, मुरमाड रानातली मात्र कणसात हलकी आहे. पुढचे तीन आठवडे घरोघरी उपटणी, कणसं खुडणं आणि मळणी चालेल, म्हणून या महिन्यात बुधवारची प्रार्थनासभा संध्याकाळी ७ ऐवजी ८ वाजता घेऊ. रानातून येऊन हातपाय धुऊन, दोन घास खाऊन या. उशीर झाला म्हणून दारातून माघारी जाऊ नका.

१८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपासून आपण उपवासकाळात आहोत. २९ मार्चला झावळ्यांचा रविवार, ३ एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि ५ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण. शुक्रवार, ६ मार्च हा महिलांचा जागतिक प्रार्थना दिन. यंदाची उपासना नायजेरियातल्या भगिनींनी तयार केली आहे आणि तिचा आधार मत्तय ११:२८ ते ३० आहे : "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." दुपारी २ वाजता सुरुवात होईल. खुडणीला जाणाऱ्या बायकांनी शेतमालकिणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. जमलं तर तिलाही सोबत आणावं.

मंडळीतल्या बातम्या. सुवार्ता आणि आशीष यांना मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. बाप्तिस्मा पुनरुत्थानाच्या दिवशी होईल. शांतवनकाकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर त्यांना धूळ आणि चुलीचा धूर चालणार नाही. भेटायला जाल तेव्हा ओसरीतच बसा आणि डोळ्यात औषध घालायची वेळ झाली का, ते विचारा. एकट्या माणसाला तेवढीच आठवण हवी असते. मार्थाबाई १२ फेब्रुवारीला प्रभूमध्ये निजल्या. चौतीस वर्षं शब्बाथ शाळेत त्यांनी मुलांकडून वचनं पाठ करून घेतली, आणि आज वेदीजवळ उभं राहून शास्त्रपाठ वाचणाऱ्यांपैकी निम्मे त्यांचे विद्यार्थी आहेत. दहावीच्या परीक्षेला आपली सात मुलं बसली आहेत. पेपर संपेपर्यंत संध्याकाळी मंदिराची खोली अभ्यासासाठी उघडी आहे, पंखा आणि दिवा सुरू असतो.

ऊसतोडीला गेलेली आपली चार कुटुंबं या महिन्याच्या अखेरीस परततील. आल्या आल्या त्यांच्या घरात पीठ नसतं, उचल अंगावर असते, आणि गावात मागायचं कुणाकडे हा प्रश्न असतो. या महिन्याचं वचन त्यांच्यासाठीच निवडलं आहे.

रूथचा दुसरा अध्याय काढा. बेथलेहेमात सातूच्या कापणीचा हंगाम सुरू होता. म्हणजे वल्हांडणाचे दिवस, आपल्या या दिवसांच्या जवळचेच. मवाबातून आलेली विधवा रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला गेली. हा तिचा हक्क होता. लेवीय १९:९-१० मध्ये देवाने शेतकऱ्याला बजावलं आहे की शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नको, सरवा वेचू नको, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोड. अनुवाद २४:१९ म्हणतो, शेतात पेंढी विसरलीस तर ती आणायला परत जाऊ नको. कड किती सोडायची हे शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही. पुढे यहुदी गुरूंनी साठावा हिस्सा ही कमीत कमी मर्यादा ठरवली.

बवाजाने काय केलं ते सोळाव्या वचनात पाहा. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मूठ मूठ मुद्दाम काढून तिच्यासाठी टाका, आणि तिला धमकावू नका. घरी पोतं पाठवणं त्याला सोपं होतं, गावात नावही झालं असतं. त्याने धान्य जमिनीवर टाकू दिलं आणि रूथने ते आपल्या हाताने वेचलं, संध्याकाळी आपणच झोडपलं. एफाभर सातू निघाले, म्हणजे सुमारे बावीस लिटर. ते घेऊन ती नामीकडे गेली तेव्हा दोघींपैकी कुणालाही मान खाली घालावी लागली नाही. देवाच्या नियमात देणारा आणि घेणारा समोरासमोर येतच नाहीत. मधे शेत असतं.

आपण मात्र सणाला धान्य वाटताना नाव पुकारतो, फोटो काढतो, वहीत सही घेतो. हिशेबाला ते बरं दिसतं, पण ज्याला खरी गरज आहे तो त्या रांगेत उभा राहत नाही. म्हणून पास्टरेट कमिटीच्या संमतीने मंदिराच्या मागच्या ओट्यावर पत्र्याची एक कोठी ठेवली आहे. तिला कुलूप नाही, वहीही नाही. नवी ज्वारी निघाली की साठ पायल्यांमागे एक पायली तिच्यात आणून टाका. ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावी. ओट्याकडे कोण गेलं, यावर कृपया कुणी नजर ठेवू नये. शब्बाथ शाळेच्या मुलांनाही हे समजावून सांगा, लहान मुलं मोठ्याने विचारतात.

कोठीतलं धान्य बिघडलं तर नेणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून एवढं सांभाळा. ज्वारी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चावताना चिवट लागला तर त्यात ओल आहे आणि पंधरा दिवसांत कुबट वास येईल. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या गोणीतून आणू नका, ती कितीही धुतली तरी. मागच्या वर्षीची शिल्लक ज्वारी नव्यात मिसळू नका, त्यातले सोंडकिडे सगळ्या कोठीत होतात. कडुनिंबाचा पाला सावलीत पुरता वाळवूनच घाला, ओल्या पाल्याने बुरशी धरते. कोठी चार विटांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली आहे. ती भिंतीला सरकवू नका, भिंतीची ओल पत्र्याला लागते.

कब्रस्तानाची सफाई शनिवार, २१ मार्चला सकाळी ६:३० वाजता. आधी गाजरगवत मुळासकट उपटायचं आहे, हातमोजे किंवा जुनं कापड आणा, अंगाला लागलं की खाज सुटते. कबरींना चुना देणाऱ्यांनी तो शुक्रवारी सकाळीच भिजत घालावा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळावा, थोडा डिंक मिसळावा. कबर आधी पाण्याने ओली करा, कोरड्या दगडावर चुन्याचे पापुद्रे सुटतात. कोरलेल्या अक्षरांत चुना भरू नका. मार्थाबाईंच्या कबरीची माती अजून बसतेय, तिच्यावर यंदा बांधकाम करू नये.

झावळ्यांसाठी ओढ्याकाठची शिंदी शनिवारी, २८ तारखेला उन्हं कलल्यावर तोडू. सकाळी तोडली तर रविवारपर्यंत पानं मिटतात. देठाकडचे काटे वीतभर साळून घ्यावेत, नाहीतर ते मुलांच्या तळहातात मोडतात. झावळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर सावलीत ठेवायच्या. हे काम तरुण संघाने घेतलं आहे. विळे घरून आणावेत.

५ एप्रिलची पहाटेची उपासना कब्रस्तानात ५:१५ वाजता सुरू होईल. मेणबत्तीला कागदी पेला लावून आणा, त्या वेळी माळावर वारा असतो.

तुमचा ख्रिस्तसेवक,
पाळक