गिनीपिगच्या इलियमवर कार्बाकोलचा परिणाम आणि ॲट्रोपिनमुळे होणारे स्थानांतर: वक्र बसवणी, ईसी५० आणि विश्वास अंतराल

पद्धत: मात्रा-प्रतिसाद वक्रांचे विश्लेषण

सहा प्राण्यांच्या इलियमपासून प्रत्येकी दोन पट्ट्या घेतल्या. त्या ३७ अंश सेल्सिअसला, १ ग्रॅम प्रारंभिक ताणाखाली स्थिर होऊ दिल्या. पहिल्या पट्टीवर कार्बाकोलच्या संचयी मात्रा अर्ध्या-लॉगच्या टप्प्यांनी दिल्या (१ नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर, नऊ बिंदू). पट्टी धुऊन ती ३० मिनिटे १० नॅनोमोलर ॲट्रोपिनमध्ये ठेवली आणि १० नॅनोमोलर ते १०० मायक्रोमोलर या कक्षेत दुसरा वक्र घेतला. दुसऱ्या पट्टीवर हाच क्रम ॲट्रोपिनशिवाय पाळला. ती कालनियंत्रण पट्टी.

वक्र मूळ ताणावर (ग्रॅममध्ये) बसवले, टक्केवारीवर नाही. प्रत्येक वक्राला त्याच्याच सर्वोच्च बिंदूने भागले तर त्या बिंदूतली मोजमापाची चूक उरलेल्या साऱ्या बिंदूंत शिरते आणि कमाल प्रतिसाद किती अनिश्चित आहे हे दिसेनासे होते. टक्केवारी फक्त आकृतीसाठी काढली आहे. आधाररेषा वजा केल्याने वक्राचे खालचे टोक शून्यावर स्थिर ठेवले. कमाल प्रतिसाद, लॉग ईसी५० आणि हिल उतार ही तीन प्राचले `R` मध्ये अरेषीय लघुतम वर्ग पद्धतीने काढली:

```r
fit <- nls(y ~ Emax / (1 + 10^((logEC50 - x) * nH)),
           data = d,
           start = list(Emax = 4, logEC50 = -6.8, nH = 1))
confint(fit)
```

इथे `x` म्हणजे मोलर संहतीचा दशमान लॉग. ॲट्रोपिनच्या वक्रांसाठी `logEC50` चे आरंभमूल्य −५.८ घेतले. `confint` ने मिळणारी अंतराले एकेका वक्राची बसवणी तपासण्यापुरती वापरली.

लेखातली अंतराले वेगळ्या रीतीने काढली आहेत. प्रत्येक प्राण्याचा लॉग ईसी५० हे एक निरीक्षण मानून सहा मूल्यांची सरासरी आणि टी-वितरणावर आधारित (मुक्ततेचे अंश ५) ९५ टक्के विश्वास अंतराल काढले. प्रतिलॉग शेवटी घेतला. त्यामुळे ईसी५० ही भूमितीय सरासरी आहे आणि नॅनोमोलरमध्ये तिचे अंतराल दोन्ही बाजूंना सारखे नाही. म्हणून ईसी५० पुढे "±" कुठेही लिहिलेले नाही.

दोन नियम प्रयोगाआधीच ठरवले होते. शेवटच्या दोन संहतींच्या प्रतिसादांत ५ टक्क्यांहून कमी फरक असेल तरच ईसी५० नोंदवायची. कमाल गाठल्यावर प्रतिसाद १० टक्क्यांहून अधिक घसरला तर घसरणीचे बिंदू वगळायचे, आणि मग पहिला नियम उरलेल्या बिंदूंना लावायचा.

निष्कर्ष

बाराही वक्र पहिल्या नियमात बसले. नियंत्रण वक्रांचा लॉग ईसी५० −६.८० होता (९५ टक्के विश्वास अंतराल −६.८९ ते −६.७१), म्हणजे ईसी५० १५८ नॅनोमोलर (१२९ ते १९५). कमाल प्रतिसाद ४.२ ग्रॅम (३.७ ते ४.७) आणि हिल उतार १.१२ (१.०१ ते १.२३) होता.

ॲट्रोपिनसह लॉग ईसी५० −५.७५ झाला (−५.८६ ते −५.६४), म्हणजे १.७८ मायक्रोमोलर (१.३८ ते २.२९). दोन्ही वक्र एकाच पट्टीवरचे असल्याने स्थानांतर प्राण्यागणिक जोडीने मोजले: १.०५ लॉग एकके (०.९३ ते १.१७), म्हणजे मात्रा-गुणोत्तर ११.२ (८.५ ते १४.८). कमाल प्रतिसादातला फरक −०.१ ग्रॅम (−०.३ ते ०.१) होता. हिल उतार १.०८ (०.९५ ते १.२१) राहिला. कालनियंत्रण पट्ट्यांत दुसरा वक्र अवघा ०.०३ लॉग एककांनी सरकला (−०.०६ ते ०.१२), तेव्हा वरील स्थानांतर वेळेमुळे आलेले नाही.

एका नियंत्रण वक्रात १० मायक्रोमोलरला प्रतिसाद घसरला. बहुधा ते विसंवेदीकरण असावे. दुसऱ्या नियमानुसार तो बिंदू वगळला. तो धरला तर सरासरी लॉग ईसी५० −६.८२ (−६.९२ ते −६.७२) येतो, निष्कर्ष बदलत नाही.

सहाही नियंत्रण वक्रांचे सगळे बिंदू एकत्र करून, प्रत्येक बिंदू स्वतंत्र मानून एकच वक्र बसवला तर अंतराल −६.८४ ते −६.७६ इतके अरुंद मिळते. हा नेमकेपणा फसवा आहे. एकाच पट्टीवरचे बिंदू परस्परांशी बांधलेले असतात आणि प्राण्याप्राण्यांतला फरक या हिशेबात येतच नाही. हे अंतराल आम्ही ग्राह्य धरलेले नाही.

शिल्ड उतार १ आहे असे गृहीत धरल्यास मात्रा-गुणोत्तरावरून ॲट्रोपिनचा भासमान पीकेबी ९.०१ (८.८८ ते ९.१४) येतो. ॲट्रोपिनची एकच संहती वापरल्यामुळे हे गृहीतक या विदेवर तपासता येत नाही. कमाल प्रतिसाद न घटता वक्र उजवीकडे सरकणे स्पर्धात्मक विरोधाशी सुसंगत आहे, पण तेवढ्यावरून तो सिद्ध होत नाही.

आकृती १. कार्बाकोलचे वक्र, ॲट्रोपिनशिवाय (भरीव वर्तुळे) आणि १० नॅनोमोलर ॲट्रोपिनसह (पोकळ वर्तुळे). बिंदू म्हणजे सहा प्राण्यांची सरासरी, उभ्या रेषा ९५ टक्के विश्वास अंतराल. उभा अक्ष त्याच पट्टीच्या नियंत्रण वक्रातून आलेल्या कमाल प्रतिसादाच्या टक्केवारीत आहे. रेषा प्राचलांच्या सरासरीवरून काढल्या आहेत. वगळलेला बिंदू फुलीने दाखवला आहे.