प्रसूती रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र

स्त्रीरोग व प्रसूती रुग्णालय
कॉलेज रोड, नाशिक ४२२००५
दिनांक: ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
(रुग्ण काम करते तो कारखाना, अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक)

रुग्णाचे नाव: सौ. रूपाली सचिन जगताप
वय: २९ वर्षे
राहणार: सिडको, नाशिक
ओळखखूण: डाव्या मनगटावर तीळ
काम: गुणवत्ता तपासणी विभाग, तीन पाळ्यांत, बहुतांश उभ्याने

मी प्रमाणित करते की, सौ. रूपाली जगताप या फेब्रुवारी २०२५ पासून माझ्याकडे बाळंतपणाच्या तपासणीसाठी येत आहेत. हे त्यांचे दुसरे बाळंतपण आहे. पहिले अपत्य चार वर्षांचे असून हयात आहे. ते पायाळू असल्याने २०२१ मध्ये सिझेरियन करावे लागले होते. आज, ४ ऑगस्ट रोजी, त्यांना ३२ आठवडे २ दिवस पूर्ण झाले आहेत.

प्रसूतीची अपेक्षित तारीख: २७ सप्टेंबर २०२५.

२२ जुलैच्या चिठ्ठीत ही तारीख १८ सप्टेंबर लिहिली गेली होती. दोन कागदांवर दोन तारखा कशा, असे आपल्या विभागाने लेखी विचारले आहे. प्रश्न योग्य आहे, कारण रजेचा सगळा हिशेब याच तारखेवरून होतो. ती चिठ्ठी रात्री, तातडीच्या वेळी, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिली. त्यांनी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस (१२ डिसेंबर २०२४) विचारला आणि त्यात २८० दिवस मिळवले. गणित बरोबरच आहे. पण हे गणित पाळी दर २८ दिवसांनी येते असे धरून चालते, आणि रूपाली यांची पाळी ३५ ते ४० दिवसांनी येते, अशी नोंद पहिल्या भेटीच्या केसपेपरवर आहे.

म्हणून ५ फेब्रुवारीच्या पहिल्या सोनोग्राफीवर मी अवलंबून आहे. पाळीप्रमाणे त्या दिवशी ७ आठवडे ६ दिवस व्हायला हवे होते; गर्भाची लांबी ७ मिलिमीटर, म्हणजे ६ आठवडे ४ दिवसांची भरली. इतक्या लवकरच्या सोनोग्राफीत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची धरतात. इथे फरक नऊ दिवसांचा होता. पुढे १८ मार्चच्या सोनोग्राफीतही वाढ याच हिशेबाला, एका दिवसाच्या फरकाने, जुळली. त्यानंतर तारीख बदललेली नाही व बदलणारही नाही. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफी अहवालावर यंत्र नवी तारीख छापते. ती बाळाच्या आकारावरून येते, तिच्यावरून रजा मोजू नये. १८ सप्टेंबर ही तारीख कृपया रद्द समजावी.

रजेपूर्वीची विश्रांती: २३ जुलै ते ४ ऑगस्ट २०२५ (१३ दिवस). ८ मेच्या सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या मुखापासून १.१ सेंटिमीटरवर दिसली होती. त्या महिन्यात वार खाली दिसणे नवे नाही. गर्भाशय वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. रूपाली यांची हळूहळू सरकत होती. २२ जुलैला दुसरी पाळी संपवून रात्री घरी पोचल्यावर त्यांच्या अंगावरून लाल रक्त गेले, पोटात दुखत नव्हते. त्यांना लगेच दाखल केले. वार तेव्हा मुखापासून १.६ सेंटिमीटरवर होती. बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शने दिली. रक्तस्राव दुसऱ्या दिवशी थांबला, २५ जुलैला घरी सोडले. हे १३ दिवस गरोदरपणातून उद्भवलेल्या आजाराचे आहेत. त्यांची नोंद प्रसूती रजेत न करता वेगळी करावी, ही विनंती. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम १० मध्ये अशा आजारासाठी एक महिन्यापर्यंत जादा रजेची तरतूद आहे.

१ ऑगस्टच्या सोनोग्राफीत वार मुखापासून २.४ सेंटिमीटरवर, मागच्या भिंतीला आहे. जुन्या टाक्यांवर नाही. बाळ डोक्याकडून आहे, वजन अंदाजे १ किलो ८०० ग्रॅम, पाणी पुरेसे. हिमोग्लोबिन ५ जुलैला ९.२ होते, सलाईनमधून लोह दिल्यावर १०.४ झाले आहे.

प्रसूती रजा: ५ ऑगस्ट २०२५ पासून २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत, दोन्ही दिवस धरून १८२ दिवस (२६ आठवडे). यातले ५३ दिवस अपेक्षित तारखेच्या आधीचे आहेत, म्हणजे आठ आठवड्यांच्या मर्यादेत बसतात. हयात अपत्य एकच असल्याने २६ आठवड्यांची अट पूर्ण होते. बाकी पात्रता (गेल्या बारा महिन्यांतले कामाचे दिवस वगैरे) आपल्या हजेरीपटावरून ठरेल, तो माझा विषय नाही.

विश्रांती म्हणजे काय, हेही लिहिते, कारण घरचे आणि ऑफिसचे दोघेही तिचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात. अंथरुणाला खिळून राहायचे नाही. त्याने फायदा होत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरात फिरावे, हलकी कामे करावीत. सलग उभे राहणे, वाकून उचलणे, जिने चढउतार, रात्रपाळी आणि सिडको ते अंबड रोजचा दुचाकीवरचा प्रवास बंद. पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी फोन न करता थेट रुग्णालयात यावे. रजेच्या काळात "एक तासापुरते येऊन सही करून जा" असेही बोलावू नये.

प्रसूती कशी होईल हे ३६ आठवड्यांनंतर, ३० ऑगस्टच्या तपासणीत ठरेल. सिझेरियन ठरले तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, म्हणजे २० सप्टेंबरच्या आधी, तातडीशिवाय करणार नाही. पितृपक्ष आणि घटस्थापना यांचा विचार कुटुंबाने माझ्याकडे बोलून दाखवला आहे. दोन दिवस इकडेतिकडे चालतील, त्रास सुरू झाला तर चालणार नाहीत. प्रसूती कधीही झाली तरी त्यानंतरचे सहा आठवडे कामावर बोलावण्यास कायद्याने मनाई आहे. सहा आठवड्यांनी टाक्यांची व प्रकृतीची तपासणी होईल. प्रत्यक्ष प्रसूतीच्या दिनांकाचा दाखला तेव्हाच्या नोंदीवरून वेगळा देण्यात येईल. कामावर रुजू होण्यापूर्वीचा तंदुरुस्तीचा दाखला जानेवारीच्या अखेरीस तपासून देईन.

वरील वैद्यकीय तपशील रुग्णाच्या लेखी संमतीने, केवळ तारखेचा प्रश्न सुटावा म्हणून दिला आहे. रजेशी संबंध नसलेले अहवाल जोडलेले नाहीत. हा कागद रजेच्या फाइलीतच ठेवावा, विभागात फिरवू नये.

डॉ. मेधा देशपांडे
स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ
(स्वाक्षरी व शिक्का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात)

मजकूर मला वाचून दाखवला, मान्य आहे.
रूपाली सचिन जगताप
(रुग्णाची स्वाक्षरी, ४ ऑगस्ट २०२५)