पिछाडी भरून काढण्याचा सुधारित कार्यक्रम व त्याचा खर्च

दि. 18/03/2026
मुक्काम सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

प्रति,
मा. अध्यक्ष, बांधकाम समिती,
केळी शीतगृह व पॅकहाऊस प्रकल्प

विषय : 34 दिवसांची पिछाडी, सुधारित कार्यक्रम व वाढीव खर्चाची वाटणी

महोदय,

करारानुसार काम 31 मे रोजी संपायला हवे. आजच्या गतीने ते 4 जुलैला जाईल. या 34 दिवसांपैकी 15 आमचे : भोंगऱ्याला गेलेले सातपुड्यातले गडी उशिरा परतले आणि लोखंडी कैच्या वर्कशॉपमध्ये रखडल्या. 13 दिवस आपल्याकडचे : शीतकक्षाच्या पॅनेलचा पुरवठादार बदलल्याने 12 जानेवारीला मिळायचा पायाबोल्टचा नकाशा 25 जानेवारीला हाती आला. उरलेले 6 अवकाळी पावसाचे. त्याची नोंद साइट रजिस्टरवर दोघांच्या सहीने आहे.

आमचे 15 दिवस आम्ही आमच्या खर्चाने भरून काढतो. वेल्डिंगची दुसरी पाळी सोमवारपासून. शटरिंगचा एक जादा संच आणतोय, कारण स्लॅबचा गाळा साडेचार मीटरहून मोठा आहे आणि त्याखालचे टेकू 14 दिवसांआधी काढता येत नाहीत. घाईसाठी टेकू लवकर काढा, असे कोणी सुचवू नये. ते आम्ही करणार नाही. एप्रिल-मेचे काँक्रीट रात्रीच ओतू. दुपारच्या उन्हात मिक्सरमधून निघेपर्यंतच माल आवळायला लागतो. हा सगळा खर्च अंदाजे 4,70,000 रुपये. यातला एक रुपयाही बिलात येणार नाही.

आपल्या 13 दिवसांसाठी जादा क्रेन (1,60,000) आणि पॅनेल उभारणीची दुसरी टोळी (2,25,000) लागेल. एकूण 3,85,000 रुपये अधिक जीएसटी. हा भार आपल्याकडे राहील. देयक प्रत्यक्ष हजेरी व क्रेनच्या लॉगबुकावरून, या रकमेच्या मर्यादेतच. पावसाच्या 6 दिवसांचे पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. फक्त मुदतवाढ द्यावी. असे झाल्यास काम 6 जूनला पूर्ण होईल.

क्रेन व टोळी मान्य नसेल तर त्या 13 दिवसांचीही मुदतवाढ लागेल, म्हणजे 19 जून. कागदावर फरक 13 दिवसांचा दिसतो. पण आवाराची माती काळी आहे. पहिला दमदार पाऊस झाला की क्रेन आत नेता येत नाही, आणि नेली तर रुतलेली काढायला दुसरी आणावी लागते. त्यामुळे 19 जून ही तारीख आम्ही पावसावर सोडूनच देऊ शकतो.

लेखी मंजुरी 24 मार्चपर्यंत द्यावी. तोंडी होकारावर क्रेन मागवणार नाही. रेफ्रिजरेशनच्या पाइपांसाठी भिंतीत ठेवायच्या छिद्रांचा नकाशाही त्याच दिवसापर्यंत हवा. तो जितके दिवस लांबेल, तितके दिवस 6 जून पुढे सरकेल व त्याचा खर्च आपल्याकडे राहील.

सुधारित बारचार्ट सोबत आहे. शनिवारी साइटवर तो दाखवून बोलता येईल. आपल्या पॅनेल पुरवठादारालाही बोलवावे.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक
(मुख्य ठेकेदारातर्फे)