ऋतुजाला, कॉलेज सुरू व्हायच्या आधी

ऋतुजा,

तुझा मेसेज वाचला, "ताई बारावीत फिजिक्सला ८८ पडलेत म्हणजे फर्स्ट इयर जड जाणार नाही ना". मलाही असंच वाटायचं गं, आणि पहिल्या इंटर्नलला २० पैकी ९ आले. फोनवर सांगत बसले तर तासभर जाईल आणि तू मधे मधे "हो हो" करशील, म्हणून लिहितेय.

बारावीत आपण काय करायचो, प्रश्न वाचायचा, कुठला फॉर्म्युला बसतो ते ओळखायचं, आकडे टाकायचे, लॉग टेबल उघडायचं, झालं. सीईटीत तर ओळखायचा स्पीड वाढवला, बाकी काही नाही. इथे फॉर्म्युला दिलेलाच नसतो. आमच्या मेकॅनिक्सच्या दुसऱ्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक गोळी पडतेय असं काढलं आणि म्हणाले हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात आहे असं धरा, आता वेग काढा. मी आपली v = u + at लिहून मोकळी. पण a बदलतोय ना सतत! इथे m dv/dt = mg − bv असं समीकरण आधी स्वतः मांडावं लागतं आणि मग ते सोडवलं की येतं

v = (mg/b)(1 − e^(−bt/m))

हे पाठ करू नकोस, प्लीज. याच्याशी खेळ. t खूप मोठा धर, e वाला भाग मरतो आणि वेग mg/b वर अडकतो, म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी. t अगदी छोटा धर, तर उरतं v = gt, म्हणजे आपलं अकरावीचंच! मला हे हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळी खाता खाता सुचलं आणि मी एकटीच हसले, समोरची मुलगी बघायला लागली. जुनं फिजिक्स खोटं नव्हतं, ते याच्या पोटात बसलेलं होतं, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं की ते कधी चालतं आणि कधी नाही.

पेंड्युलमचंच बघ. T = 2π√(L/g) लिहिताना आपण "अँप्लिट्यूड लहान असताना" हे शेपूट मार्कांसाठी जोडायचो. इथे व्हायवाला विचारतात, लहान म्हणजे किती? तर १० अंशाला फरक साधारण ०.२ टक्के पडतो, ६० अंशाला ७ टक्क्यांच्या वर जातो. एक मीटरच्या पेंड्युलमचे २० झोके म्हणजे ४० सेकंद, त्याच्या ०.२ टक्के म्हणजे ०.०८ सेकंद, तेवढी चूक तर स्टॉपवॉचवरचा तुझा अंगठाच करतो. म्हणून १० अंश "लहान", बाकी त्यात काही पवित्र नाही.

आता माझी फजिती ऐक, कुणाला सांगू नको. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझं g आलं १०.८७. मी घाबरून जर्नलमध्ये उत्तर ९.८१ लिहिलं आणि रीडिंग्ज तशीच ठेवली (एवढी हुशार!). सरांनी कॅल्क्युलेटर काढला, माझ्याच L आणि T वरून गणित केलं, शांतपणे जर्नल परत दिलं आणि म्हणाले मोठ्याने मोजून दाखव. मी बॉब सोडला आणि म्हणाले "एक". तिथंच गडबड होती गं, सोडताना "शून्य" म्हणायचं असतं, मी १९ झोक्यांच्या वेळेला २० ने भागत होते. T पाच टक्के कमी आणि g मध्ये T चा वर्ग, म्हणून g दहा टक्क्यांच्या वर फुगलं. म्हणजे तो १०.८७ मला चूक कुठंय ते ओरडून सांगत होता आणि मी त्यालाच खोडत बसले होते. उत्तर चुकलं म्हणून सर रागावत नाहीत, खोडलं म्हणून रागावतात. एरर किती विचारलं तर "शून्य" म्हणू नको हां, मी तेही म्हणून बसलेय.

मॅथ्सचं थोडक्यात. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन हाताला सवयीचं पाहिजे, पार्शल डेरिव्हेटिव्ह लवकरच येतात, ते वाटतात तेवढे भयंकर नाहीत. व्हेक्टर मात्र आत्तापासून घट्ट कर, मी ते टाळलं आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सला भोगलं. भाषेचं टेन्शन घेऊ नकोस, मीही दहावीपर्यंत मराठी मीडियमच, कळलं नाही तर लेक्चर संपल्यावर सरांना गाठ, आणि मराठीतच विचार.

पुढच्या रविवारी मी कराडला येतेय. माझी जर्नल्स आणते, ते १०.८७ वालं पानसुद्धा, पण कॉपी करायला नाही हां. तू तोपर्यंत ती गोळीची गोष्ट एकदा कागदावर सोडव, अडलं तिथंच थांब आणि कागद तसाच ठेव, खाडाखोडीसकट. काकूंना सांग मला थालीपीठ हवंय.

तुझी,
स्नेहलताई