बासष्ट आणि सव्वीस

वाई गावात कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी सईच्या आबांचे किराणा मालाचे दुकान होते. लाकडी फळ्यांचे दार, आत पत्र्याच्या डब्यांची उतरंड, मध्ये तराजू आणि त्याच्या शेजारी आबांची गादी. गादीपुढच्या ठेंगण्या मेजाला एक खण होता, तोच दुकानाचा गल्ला. आणि मेजावर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही कायम उघडी असे. आबा तिला कीर्द म्हणत. दिवसभरात जो जो रोख व्यवहार होई, त्याची रक्कम आबा त्या वहीत एकाखाली एक लिहीत.

श्रावणातल्या एका संध्याकाळी चौथीतली सई शाळेची कृतिपत्रिका घेऊन दुकानात आली. तिच्या पुढच्या पानावर नेहमीची उदाहरणे होती. मीनाने ३५ रुपयांची वही घेतली, ५० रुपये दिले, तर तिला किती परत मिळतील? सईने ती सगळी शाळेतच सोडवली होती आणि तिला त्यांचा कंटाळाही आला होता, कारण सगळ्या उदाहरणांत मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करण्यापलीकडे काहीच नव्हते. मागच्या पानावर मात्र एक रिकामा तक्ता होता. जवळच्या दुकानात बसून दहा गिऱ्हाइकांचे रोख व्यवहार पाहावेत आणि किंमत, दिलेले पैसे व परत मिळालेले पैसे असे तीन रकाने भरावेत, अशी सूचना त्यावर छापली होती.

“आबा, तुम्ही किंमत सांगता तेव्हा पावसाच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही,” सई म्हणाली. “मी फक्त दिलेले पैसे लिहिते. किंमत नंतर तुमच्या वहीतून उतरवून घेईन.”

“चालेल की,” आबा म्हणाले आणि त्यांनी मेजाचा खण ओढला. संध्याकाळचे दुकान उघडताना ते नेहमी मोजून ४०० रुपये सुट्टे गल्ल्यात ठेवत, तसे त्यांनी आजही ठेवले.

पाऊस जोराचा होता, त्यामुळे गिऱ्हाईक तुरळकच आले. कोणी मोबाइलवरून पैसे दिले, की आबा ते वेगळ्या पानावर टिपत. रोख देणारे तेवढे सई मोजत होती. सात वाजता दहावे गिऱ्हाईक गेले. सईने कीर्द पुढ्यात ओढली आणि दहाही रकमा आपल्या तक्त्यात उतरवल्या. तक्ता असा झाला:

१) दिले ५०, किंमत ३२
२) दिले २०, किंमत १५
३) दिले १००, किंमत ६०
४) दिले ५०, किंमत ४८
५) दिले २००, किंमत ११०
६) दिले १००, किंमत ३७
७) दिले १०२, किंमत २६
८) दिले २२, किंमत २२
९) दिले १००, किंमत ७५
१०) दिले १०, किंमत १०

तिने भराभर वजाबाक्या केल्या. सातव्या ओळीला दोनदा हातचा घ्यावा लागला, पण ७६ हे उत्तर बरोबर आल्याची तिने दोनदा खात्री केली. आता दप्तर आवरायचे, एवढ्यात आबांचा मोजणीचा आवाज थांबला. त्यांनी गल्ल्यातल्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, नाण्यांच्या चळती पुन्हा लावल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून ते नुसते बसून राहिले.

“काय झालं, आबा?”

“ताळा जमत नाही. वहीतल्या दहा रकमांची बेरीज ४३५ होते. त्यात सुरुवातीचे ४०० मिळवले की ८३५ व्हायला हवेत. गल्ल्यात ८७१ आहेत.”

“म्हणजे ३६ रुपये जास्त! मग बरंच झालं ना?”

आबांनी मान हलवली. “गल्ल्यात पैसे आपोआप वाढत नाहीत, सई. एक तर माझं लिहिताना चुकलंय, नाही तर मी कोणाला तरी ३६ रुपये कमी परत दिलेत. दुसरं असेल, तर ते पैसे आपले नाहीत, आणि ते ज्याचे त्याला पोचेपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही.”

सई पुन्हा खाली बसली. मघाशी पूर्ण झालेली कृतिपत्रिका आता तिला निराळीच दिसू लागली. त्या दहा ओळींपैकी कुठल्या तरी एका ओळीत ३६ रुपये लपले होते.

“आधी एक कर,” आबा म्हणाले. “३६ ला नऊने भाग जातो का बघ.”

“जातो. नऊ चोक छत्तीस. पण नऊच का?”

आबांनी गल्ल्यातून दहाच्या सहा नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी काढून मेजावर मांडली. “हे किती?”

“बासष्ट.”

आबांनी त्यातल्या चार नोटा उचलल्या आणि प्रत्येक नोटेच्या जागी एकेक नाणे ठेवले. आता मेजावर दोन नोटा आणि सहा नाणी होती. “आता?”

“सव्वीस.” सई मेजाकडे टक लावून पाहत राहिली. मेजावर पहिल्यांदा आठ चिजा होत्या आणि आताही आठच होत्या. फक्त चार नोटांची चार नाणी झाली होती. “एका नोटेच्या जागी नाणं आलं की नऊ रुपये कमी होतात. चार वेळा नऊ, म्हणजे छत्तीस!”

“बरोबर. दोन अंकांची अदलाबदल झाली, की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. नऊने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असेल असं नाही, पण शोधाला सुरुवात तिथून करावी, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं.”

सईने पेन्सिल उचलली. नऊ चोक छत्तीस, म्हणजे ज्या रकमेच्या दोन अंकांत चारचा फरक आहे ती शोधायची. आणि गल्ल्यात पैसे जास्त आहेत, म्हणजे वहीत खऱ्यापेक्षा लहान रक्कम लिहिली गेली असणार. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. १५ ची ५१ असू शकेल, ४८ ची ८४, ३७ ची ७३ आणि २६ ची ६२. चार ओळी संशयित ठरल्या आणि तिने त्यांच्यापुढे चार ठिपके काढले.

“दुसरी ओळ नाही,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “त्या दादाने २० रुपयेच दिले होते. वीस रुपयांत ५१ चा माल कसा येईल?” तिने ठिपका खोडला. “चौथीही नाही. तिथे ५० दिलेत, आणि ८४ तर पन्नासापेक्षा जास्त.” दुसरा ठिपका गेला.

राहिल्या सहावी आणि सातवी. सहाव्या ओळीत १०० रुपये दिले होते, आणि शंभरात ३७ ही बसत होते आणि ७३ ही बसत होते. सातव्या ओळीत १०२ दिले होते, आणि त्यातही २६ आणि ६२ दोन्ही बसत होते. सई बराच वेळ दोन्ही ओळींकडे आळीपाळीने पाहत राहिली. बाहेर पन्हळीचे पाणी बोळात धो धो पडत होते. आबांना एव्हाना उत्तर समजले असावे असे तिला वाटले, पण ते काही न बोलता तराजूची पारडी पुसत राहिले.

“आबा,” सईने हळूच विचारले, “लोक शंभराच्या नोटेबरोबर वर दोन रुपये का देतात?”

“तू सांग.”

“मी आईबरोबर भाजी आणायला जाते तेव्हा भाजीवाल्या काकू म्हणतात, वरचे दोन रुपये सुट्टे द्या, म्हणजे मी तुम्हाला नोटा परत देते.” बोलता बोलता ती उठून उभी राहिली. “किंमत सव्वीस असती, तर दोन रुपये देऊन काय उपयोग झाला असता? ७६ परत द्यायचे म्हणजे पुन्हा सहा रुपये सुट्टे लागणारच. पण किंमत बासष्ट असेल, तर १०२ मधून बासष्ट गेले की बरोबर ४० राहतात. वीसच्या दोन नोटा! आबा, ज्यांनी दोन रुपये दिले त्यांना किंमत बासष्टच सांगितली होती.”

आबांनी पारडे खाली ठेवले. “कमलताईंचा व्यवहार होता तो. पण आपला तर्क आहे म्हणून भागत नाही. विचारून येऊ.”

त्यांनी ३६ रुपये मोजून सदऱ्याच्या खिशात ठेवले, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि एका छत्रीत दोघे पलीकडच्या आळीत गेले. कमलताई डबे करून देत असत; त्यांच्या ओट्यावर दुकानातून नेलेले शेंगदाणे परातीत पसरलेले होते.

“पाव किलो शेंगदाण्याचे अडतीस आणि अर्धा किलो रव्याचे चोवीस,” त्या म्हणाल्या. “बासष्ट झाले म्हणालात, सुट्टे नाहीत म्हणालात, म्हणून मी वर दोन रुपये दिले आणि तुम्ही मला चाळीस परत दिलेत. आबा, एवढ्यासाठी पावसात आलात होय?”

“एवढ्यासाठीच आलो,” आबा म्हणाले, आणि परतताना त्यांचा आवाज अगदी मोकळा झाला होता.

दुकानात आल्यावर त्यांनी कीर्द उघडली. सईला वाटले, आता ते चुकीची रक्कम खोडून काढतील. पण आबांनी २६ वर एकच सरळ रेघ मारली, अशी की खालची रक्कम नीट वाचता यावी, शेजारी ६२ लिहिले आणि पुढे आपली सही केली. “हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नाही. चूक काय होती आणि ती कोणी दुरुस्त केली, हे दोन्ही दिसलं पाहिजे.”

“पण चूक झाली कशी?”

“बासष्ट हा शब्द सावकाश म्हण बघू.”

“बा…सष्ट.”

“त्यात आधी काय ऐकू येतं?”

“बा. म्हणजे दोन. आणि मग साठ!” सईचे डोळे मोठे झाले. आपण आधी एकक बोलतो आणि लिहिताना मात्र आधी दशक लिहितो; तोंडाने ‘बा’ म्हणताच आबांच्या घाईतल्या हाताने आधी २ लिहून टाकला होता. गेल्याच आठवड्यात तिने स्वतः चौपन्नचे ४५ लिहिले होते, आणि बाईंनी त्याभोवती लाल गोल केला होता.

तिने आपल्या तक्त्यातही आबांसारखीच सरळ रेघ मारली, २६ शेजारी ६२ आणि ७६ शेजारी ४० लिहिले आणि पुढे आपले नाव घातले.

आबा उठले आणि त्यांनी वरच्या फळीवरून एक जुनी वही काढली. ती सईच्या पणजोबांची, १९५५ सालची होती. तिच्या पानांवर रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने होते.

“१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी एका रुपयाचे सोळा आणे असायचे,” ते म्हणाले आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. तिथे ३ रुपये ५ आण्यांवर एक सरळ रेघ होती आणि शेजारी ५ रुपये ३ आणे लिहिले होते. “इथेही अदलाबदल झाली होती. फरक किती आण्यांचा?”

सईने बोटांवर हिशेब केला. तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि पाच, त्रेपन्न आणे. पाच सोळे ऐंशी आणि तीन, त्र्याऐंशी आणे. “तीस आण्यांचा. पण तिसाला तर नऊने भाग जात नाही!”

“नाही जात. मग इथे नऊच्या जागी कोणता आकडा असेल?”

सईने काही वेळ त्या पानाकडे पाहिले. मग ती कोपऱ्यातल्या पोत्याशी गेली, ओंजळभर चिंचोके घेऊन आली आणि मेजावर त्यांचे सोळा-सोळाचे ढीग लावू लागली.