टाळ, एकतारी आणि मृदंग: शाळेच्या दिंडीआधीचं निवेदन

(फलटणमधील शाळेचं सभागृह, पालखी मुक्कामाला येण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी 3 वाजता. पाचवी ते सातवीची मुलं सतरंजीवर, पालक मागे. व्यासपीठावर भजनी मंडळातले तिघं: टाळकरी काका, एकतारीवर आजी, मृदंगावर दादा. निवेदिका उभी. सुरुवातीला कोणीही काही वाजवायचं नाही.)

निवेदिका: राम कृष्ण हरी, मंडळी. बाळांनो, परवा माउलींची पालखी आपल्या गावात येतेय. तुम्ही दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून दिंड्या बघता. नुसत्या रथापुढेच 27 दिंड्या असतात, मागच्या तर मोजायलाच नकोत. यंदा आपली शाळाही उद्या गावातून छोटी दिंडी काढणार आहे, आणि तुमच्यातल्या चाळीस जणांच्या गळ्यात टाळ असणार आहेत. टाळ गळ्यात घालण्याआधी त्याची ओळख हवी. एकट्या टाळानं भजन होत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही सोबत्यांनाही आज बोलावलंय.

सुरुवात मात्र टाळापासून नाही करायची. आजी, तुमच्यापासून करू या का?

आजी: कर की गं. सूर आधी लागू दे.

(आजी एकतारी छेडतात. सुमारे वीस सेकंद फक्त एकतारी. निवेदिका बोलत नाही.)

निवेदिका: ऐकलंत? एकच सूर. वर गेला नाही, खाली आला नाही. एकतारीचं काम एवढंच, आणि ते भजनभर चालतं. गाणारा कितीही वरच्या पट्टीत जाऊन आला, तरी परतायचं घर हेच. आज आपला सूर पेटीवरची काळी चार आहे, कारण तुमच्या कोवळ्या आवाजांना तो सोपा जाईल.

आता जवळून बघा. (आजी एकतारी आडवी धरून दाखवतात.) खाली हा भोपळा. भाजीचा नाही बरं का, हा कडू भोपळा. वाळवून, आतून पोखरून रिकामा केलेला. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या आसपास असे भोपळे पिकवतात आणि तिथून ते मिरजेला तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांकडे जातात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. विठ्ठलाच्या गावाकडच्या मातीत वाढलेला भोपळा आणि त्यातून निघणारा सूर! भोपळ्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं हे कातडं, त्यावर ही घोडी, त्यातून बांबूच्या दांडीवरून वर खुंटीपर्यंत गेलेली एक तार. खुंटी पिळली की तार ताणते आणि सूर चढतो. सैल केली की उतरतो.

वाजवायची कशी? भोपळा कमरेशी, दांडी खांद्याला टेकलेली. तर्जनीनं तार छेडायची, पण नखानं नाही, बोटाच्या पेरानं. आजी, नखानं एकदा दाखवता?

(आजी नखानं छेडतात. मग पेरानं.)

पहिला आवाज टोचतो, दुसरा गोल येतो. छेडल्यावर बोट लगेच बाजूला घ्यायचं, तार मोकळी थरथरू द्यायची. पहिला आवाज विरायच्या आत दुसरा छेडायचा, म्हणजे सुराला खंड पडत नाही. मीराबाईच्या चित्रात तिच्या हातात जी दिसते ती हीच. भिक्षेला दारोदार फिरणारे गोसावीही हिच्यावरच गातात, कारण एका हातात एकतारी राहते आणि दुसऱ्या हाताला चिपळ्या वाजवायची मोकळीक मिळते.

तुणतुणं मात्र वेगळं हं. पोवाड्यात, गोंधळात टुंगटुंग वाजतं ते. तार त्यालाही एकच, पण ते ठेक्यासाठी वाजतं. आणि दिंडीत तुम्हाला मधोमध जी मोठी वीणा दिसेल तीही वेगळी. तिला अधिक तारा असतात. वीणेकऱ्याचा मान असा, की लोक वाकून त्याच्या पाया पडतात. अखंड हरिनाम सप्ताहात ही वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहून ती आपल्या गळ्यात घेतो. रात्री तीन वाजता रिकाम्या मांडवात एकटाच वीणेकरी उभा असतो आणि तार चालू असते. मी लहानपणी झोपेतून उठून ते बघितलंय. त्या वेळी ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं.

(एकतारी मंदपणे सुरू होते आणि पुढे सगळा वेळ चालू राहते.)

आता दादा. मृदंग म्हणा, पखवाज म्हणा, आपल्याकडे दोन्ही म्हणतात.

दादा: वाजवायच्या आधी याला जेवायला घालावं लागतं. कणीक आहे का?

(दादा गव्हाच्या भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन डाव्या पुडीवर थापतात. मुलांना पुढे बोलवावं. आठ-दहा जण अर्धवर्तुळात.)

निवेदिका: ही खरीच कणीक आहे, पोळीची. डावी पुडी मोठी असते, तिच्या मधोमध ही थापायची. दादा आधी कोरड्या पुडीवर मारतील, मग कणीक लावून मारतील. कान द्या.

(दोन्ही आवाज.)

कणकेच्या वजनानं कातडं संथ हलतं, म्हणून आवाज खोल जातो. कणीक थोडी वाढवली की आणखी खाली, थोडी काढली की वर. उजवीकडे कणीक लागत नाही, तिथं ही काळी शाई कायमची बसवलेली आहे. तिच्यामुळे उजवी पुडी नेमका सूर धरते. डावी दर वेळी नव्यानं तयार करायची आणि वाजवून झालं की कणीक खरवडून पुसून काढायची. तशीच वाळली तर कातडं खराब होतं.

उजवीचा सूर एकतारीशी जुळवायचा. बाजूनं या ज्या कातड्याच्या वाद्या ओढलेल्या दिसतात, त्यांच्याखाली लाकडी गट्ठे अडकवलेत. गट्ठा ठोकून सरकवला की वाद्या ताणतात, सूर चढतो. अगदी थोडा फरक असेल तर पुडीच्या काठाच्या गजऱ्यावर हातोडीनं हलकं ठोकायचं. आषाढातल्या ओल्या हवेत कातडं ढिलं पडतं आणि पुडी उतरते. म्हणून वारीत पावसाची सर आली की मृदंगवाला स्वतःच्या डोक्याआधी मृदंगावर प्लॅस्टिक टाकतो. परवा लक्ष ठेवून बघा.

दादा, बोल.

दादा: उजवीकडे मोकळ्या पंजाची थाप: ता. (वाजवतात.) डावीकडे उघडी: घे. (वाजवतात.) दोन्ही एकदम: धा. डावीवर पंजा दाबून ठेवला की बंद आवाज: क. आता बोला माझ्याबरोबर. धा, धा, क, ता. तोंडानं आधी, हातानं नंतर.

(मुलं तोंडानं चार वेळा म्हणतात. मग मांडीवर वाजवतात.)

निवेदिका: तबल्यावर बोटांचं नाजूक काम जास्त. इथं पंजा लागतो, सगळा हात खांद्यापासून मोकळा हवा. आणि हे देवळातलंच वाद्य आहे असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात नाना पानसे या मराठी वादकानं इंदुरात पखवाजाचं मोठं घराणं उभं केलं. दरबारात वाजणारं आणि दिंडीत वाजणारं वाद्य एकच. दिंडीत ते गळ्यात अडकवून, चालत, उड्या मारत, उन्हापावसात वाजवायचं, एवढाच फरक. माझ्या मते दिंडीतलं अवघड.

(दादा भजनी ठेका धरतात, एकतारी चालूच. अर्धा मिनिट. मग मृदंग थांबतो.)

आता तुमचा टाळ. काका, जोड द्या.

(टाळांचे जोड वाटले जातात. वाजवायचे नाहीत, मांडीवर ठेवायचे, हे दोनदा सांगावं.)

टाळ काशाचा असतो. तांबं आणि कथील वितळवून कासं होतं. हा काकांचा जोड बघा. पाठ काळपट आहे आणि काठ मात्र सोन्यासारखा पिवळा चकचकतोय. वर्षानुवर्षं जिथं टाळावर टाळ पडलाय, तिथलाच काळेपणा गेलाय. कासं नाद छान देतं, पण ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर बारीक चीर जाते आणि मग तो टाळ कायमचा भद्द वाजतो. म्हणून गळ्यातली दोरी काढायची नाही. आरतीला वाजते ती झांज पातळ आणि पसरट. टाळ जाड आणि वाटीसारखा, म्हणून त्याचा नाद लांबतो.

काका: डावा टाळ असा धरा, तोंड वर. दोरी बोटाला एक वेढा देऊन घ्या. धातूला बोटं चिकटवू नका, नाहीतर नाद तिथंच मरतो. उजवा वरून आणायचा. आता दोन्ही सपाट एकमेकांवर आपटून बघा. एकदाच.

(सगळे आपटतात. बसका आवाज येतो.)

काका: बसला ना? आत हवा कोंडते. आता काठावर काठ पडू दे, जरा तिरका. आणि लागला की लगेच उचला.

(मुलं एकेक करून. काका रांगेतून फिरतात, मनगटं धरून दाखवतात. इथं घाई करू नये. दहा मिनिटं लागली तरी चालतील.)

निवेदिका: हा उघडा आवाज. मारून तसाच टेकवून ठेवलात तर बंद. उघडा आणि बंद आलटून पालटून आला की टाळ बोलायला लागतो. आता चार मात्रा. ग्यान, बा, तुका, राम. प्रत्येक शब्दाला एक टाळ. पहिले तीन उघडे, 'राम'ला बंद. दादा मृदंगावर साथ देतील. तुम्ही माझ्याकडे बघू नका, शेजारच्याचा टाळ ऐका. त्याचा आणि तुमचा मिळून एकच आवाज यायला हवा. दोन आले तर कुणीतरी एकानं पुढे पळायचं थांबवायचं.

(तीन मिनिटं सराव. मग निवेदिका हात वर करते. आवाज हळूहळू, विस्कळीत बंद होतो.)

बघा, थांबायला किती वेळ लागला! आता एक गोष्ट सांगते आणि मग पुन्हा करू. हैबतबाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातले, आरफळचे. आज आपण पाहतो तो पालखी सोहळा त्यांनी घडवला. त्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातला दंड वर करतात. क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तेवढी एकच दिंडी टाळ वाजवत राहते. सगळ्या शांततेत तिचे टाळ ऐकू येतात, मग चोपदार तिथं जाऊन विचारपूस करतात. तक्रार मिटली की ते टाळही थांबतात आणि आरती सुरू होते. बाकीचे नेमके थांबले नसते, तर त्या दिंडीचं गाऱ्हाणं कुणाला कळलं असतं का?

तर पुन्हा एकदा. मी हात वर केला की टाळ छातीशी. कुणाची तक्रार असेल त्यानं वाजवत राहायचं, मी स्वतः येऊन विचारीन.

(सराव. हात वर. सगळे थांबतात. मागच्या रांगेतला एक टाळ चालू राहतो.)

काय रे बाळा, काय झालं?

(मुलगा जे सांगेल ते ऐकून घ्यावं, दोरी तोकडी असेल तर काका तिथंच बदलून देतील. तोवर सभागृहात फक्त एकतारी वाजत राहील. मग निवेदिका हात खाली घेते.)

चला, सगळे उभे राहा. मुलं-मुली दोन रांगांत, समोरासमोर. आजी मधे. दादा, ठेका. पालकहो, तुम्हीही टाळ्या धरा. जय जय राम कृष्ण हरी...

(मृदंग, मग टाळ. दोन्ही रांगा सभागृहातून मैदानाकडे निघतात.)